सहा बायका, दोन नळ्या

तीन परीक्षक, तीन शेरे आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. रेणुकानं गेल्या वर्षीचा अर्ज फेटाळल्याचं ते पत्र इतक्यांदा वाचलं होतं की घडीवरून कागद फाटायला आला होता.

पहिल्यानं लिहिलं होतं : "विषयाचं महत्त्व भावनेनं मांडलं आहे. नेमका कोणता प्रश्न अडलेला आहे, ते कळत नाही." दुसऱ्यानं : "उद्दिष्टं ही उद्दिष्टं नसून निष्कर्ष आहेत." तिसऱ्याचा शेरा सगळ्यात खोचक होता : "जोडलेल्या प्राथमिक निरीक्षणांवरून अर्जदारास उत्तर आधीच माहीत असल्याचं दिसतं. मग प्रकल्प कशासाठी? शिवाय ज्या झाडांवर प्रयोग करणार ती कोणाच्या मालकीची?"

आता घ्या! एक म्हणतो, बाई तुला काय विचारायचंय तेच कळेना. दुसरा म्हणतो, तुला तर उत्तर ठाऊक आहे. दोघंही एकाच वेळी खरे कसे असतील? रेणुका मेहकरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होती, बारा वर्षं झाली होती, मुलांच्या उत्तरपत्रिकांवर तिनंही असे शेरे मारले होते. पण स्वतःच्या कागदावर लाल शाई पडली की शहाण्याचंही डोकं चालेनासं होतं. तिचंही चालेना.

आणि वेळ थोडा होता. राज्याच्या विज्ञान मंडळाची ही योजना चाळिशीच्या आतल्या शिक्षकांसाठी होती. रेणुकाला पुढच्या वर्षी चाळीस वर्षं पूर्ण होणार होती. म्हणजे हा शेवटचा अर्ज. तो फेटाळला गेला तर मोठ्या विद्यापीठांच्या पंगतीत बसून मागावं लागणार, आणि तालुक्याच्या कॉलेजला त्या पंगतीत कोण वाढतं?

पण तिचा जीव अडकला होता तो निराळ्याच गोष्टीत, आणि ती गोष्ट अर्जात कुठंच लिहिलेली नव्हती. ती होती तिच्या आईच्या हाताची.

कलाबाई, रेणुकाची आई, बीबी गावात राहायची. बीबीच्या आजूबाजूला जाळीचे शेडनेट उभे राहिले तेव्हापासून ती मिरचीच्या क्रॉसिंगला, म्हणजे बियाणे कंपनीसाठी हातानं संकर करायला, जायची. काम मोठं नाजूक. संध्याकाळी मादी झाडाची न उमललेली कळी उघडायची, चिमट्यानं आतले पुंकेसर काढून टाकायचे, फुलाच्या मधल्या दांडीला धक्काही लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचा पराग त्या दांडीच्या टोकाला लावायचा आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. फळ धरलं तर त्यातलं बी कंपनीचं, आणि बी चांगलं भरलं तर बाईचं नाव चांगलं. कलाबाईचं नाव चांगलं होतं. सोळा वर्षं चांगलं होतं. मग एका ऑक्टोबरात तिच्या ओळीत फळंच धरली नाहीत, आणि गावात बोलवा उठली की कलाबाईच्या हातचं आता फळ धरत नाही. पुढच्या हंगामापासून तिला बोलावणं येईना. सहा वर्षं झाली. ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही, पण देवळासमोरून जाणाऱ्या बायकांचा टेम्पो दिसला की ती आत जायची.

रेणुकाला पक्कं ठाऊक होतं की दोष हाताचा नव्हताच. त्या वर्षी ऊन भयंकर होतं, नेटच्या आत तर भट्टी. डबीत ठेवलेला पराग अकरा वाजेपर्यंत मेलेला असणार. तिनं कॉलेजच्या मागं आठ कुंड्यांत मिरची लावली, तीन दिवस पराग गोळा केला, साखर आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. सकाळी सातच्या परागातल्या शंभर कणांपैकी साठाला नळी फुटत होती, म्हणजे ते कण जिवंत होते. तोच पराग अकरापर्यंत तापात ठेवला की जेमतेम अठराला. हेच निरीक्षण तिनं अर्जाला जोडलं होतं आणि वर ठणकावून लिहिलं होतं : "फळधारणेतली घट ही मजूर स्त्रियांच्या कौशल्याच्या कमतरतेमुळे नसून तापमानामुळे आहे हे सिद्ध करणे." हे उद्दिष्ट क्रमांक एक. शेरा मारणाऱ्याचं काय चुकलं म्हणा!

शेवटी ती चिखलीला नागसेन सरांकडे गेली. सर तिचे जुने गुरू, निवृत्त झालेले, आयुष्यात अकरा अर्ज केले आणि चार मंजूर झाले असं स्वतःच सांगणारे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून अर्ज वाचला, चहा गार होईपर्यंत वाचला, आणि म्हणाले,

"पोरी, तू वकीलपत्र घेतलं हायेस काय?"

"म्हणजे सर?"

"हे काय लिवलं, सिद्ध करणे? कोर्टात उभी हायेस का? उद्या मोजल्यावर हातच दोषी निघाला, त काय करशील? प्रकल्प फेकून देशील?"

तिनं हा विचारच केला नव्हता. खरं सांगायचं तर केला होता, पण दाराबाहेर उभा केला होता.

"अन् हे महत्त्व," सर पुढं बोलले. "दोन पानं तू बायकांचे हाल लिवले. खरे हायेत. मले वाचून वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून कोणी प्रयोगाले पैसा देत नाही. महत्त्व म्हणजे लोकाले काय ठाऊक हाये, कुठं येऊन थांबलं, अन् तिथून पुढं न गेल्यानं काय अडून राह्यलं. आतापर्यंत कोणी काय केलं?"

"उन्हात पराग मरतो, हे पुष्कळांनी मोजलंय. प्रयोगशाळेत."

"अन् हाताचं?"

"हाताचं कोणी मोजलं नाही. सगळे कंपनीचे लोक फक्त फळं मोजतात आणि बाईला बदलतात."

"मंग? पराग एकानं मोजला, फळं दुसऱ्यानं. हात अन् पराग एकमेकापासून वेगळे काढून कोणी पाह्यलं?"

"कोणीच नाही."

"हे महत्त्व हाये. एवढंच. दोन ओळीत बसते."

रेणुका वहीत लिहू लागली आणि मध्येच थांबली. "पण सर, तिसरा म्हणतो मला उत्तर ठाऊकच आहे. आणि कुंड्यांची निरीक्षणं काढून टाकली, तर दुसरा म्हणेल हिला जमेल कशावरून? ठेवली तरी पंचाईत, काढली तरी पंचाईत."

सर हसले. "सगळे इथंच आपटतात. महत्त्व सांगतं, हे कोणाले माहीत नाही. व्यवहार्यता सांगते, हे मले जमते. दोन्ही एकाच तोंडानं बोलायचं म्हणून माणूस गोंधळते. कुंड्या काढू नको. पण कुंड्यांना उत्तर म्हणू नको. आठ कुंड्या, तीन दिवस, त्याच्यावरून पिकाचं काय कळते? एवढंच कळते की रेणुकाबाईले पराग गोळा करता येते, नळी मोजता येते, आकडे रोजच्या रोज जुळतात. कुंड्या म्हणजे तुह्या हाताचा दाखला. उत्तराचा नाही."

हे ऐकताना सगळं लख्ख वाटलं. मेहकरच्या बसमध्ये बसली आणि पुन्हा धुकं. दाखला म्हणजे काय, उत्तर म्हणजे काय, आणि अठरा हा आकडा दाखला की उत्तर? ती वहीत खाडाखोड करत राहिली, शेजारच्या आजीबाईनं दोनदा विचारलं, "पोरी, हिशोब चुकला का व?" रेणुका म्हणाली, "हाव, तसंच समजा."

पुढचा धक्का जानरावांनी दिला. जानराव बीबीचे शेडनेटवाले, चार नेटचे मालक. गेल्या वर्षी रेणुकानं त्यांच्याकडूनच पत्र घेतलं होतं : आमच्या शेतात प्रयोग करण्यास आमची काहीही हरकत नाही. सही, अंगठ्याएवढा शिक्का, सगळं. आपल्याकडे पद्धतच ती. शेत ज्याचं त्यानं हो म्हटलं की काम झालं. रेणुका याच मातीतली, तिलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता परीक्षकानं मालकीचं विचारलं म्हणून ती पुन्हा गेली.

"काका, झाडं तुमचीच ना?"

जानराव नेटच्या दारात बूट बदलत होते. "शेत माह्यं. नेट माह्यं. पाणी माह्यं. झाडं कंपनीचे."

"म्हणजे?"

"नर अन् मादी दोन्ही कंपनी देते, बाई. करारात लिवलं हाये, एक फूल बाहेर जाऊ द्याचं नाही. तू इथला पराग कॉलेजात नेला न्, त माह्या करार गेला."

"मग पत्र कशाला दिलंत?"

"तू मांगतलं म्हणून देलं. तू घरची पोरगी. हरकत नाहीच ना माह्यी. हरकत कंपनीची हाये." त्यांना यात काही विसंगत वाटत नव्हतं.

निघताना तिला राहवलं नाही. "काका, आईला बोलावणं का बंद केलंत?"

जानराव बुटाची नाडी आवळू लागले. "फळ धरत नव्हतं तिच्या वळीत. मी तरी काय करू? मोजनारे कंपनीचे. पण कलाबाईले काही बोललो नाही हो मी. तोंडावर बोलनं बरं दिसत नाही."

त्या दिवशी रेणुकाला वाटलं, संपलं. जिथं प्रश्न पेटलेला तिथं शिरता येत नाही, आणि जिथं शिरता येतं तिथं प्रश्न नाही. महत्त्व कंपनीच्या नेटमध्ये, व्यवहार्यता कॉलेजच्या कुंडीत. तिला रडूही आलं आणि स्वतःचा रागही आला. तिनं नागसेन सरांना फोन केला.

सर म्हणाले, "तुह्या प्रश्नाले कंपनीचंच झाड काऊन लागते?"

ती विचार करत राहिली. हात आणि पराग वेगळे काढायला काय लागतं? मिरची लागते. तापलेलं नेट लागतं. बायका लागतात. विद्यापीठाच्या जुन्या वाणाची मिरची कोणालाही लावता येते. कॉलेजच्या मागं पाच गुंठे रिकामे होते, तिथं नेट उभं राहू शकत होतं. कंपनीच्या संकरित जातीबद्दल काही म्हणता येणार नाही, तेवढं मर्यादांमध्ये कबूल करायचं. दावा लहान होत होता. पण उभा राहत होता.

पंधरा दिवस तिनं नुसती काटछाट केली. महत्त्वाची दोन पानं तेरा ओळींवर आली. बायकांच्या हालातलं एकच वाक्य उरलं, कारण ते प्रश्नाला धरून होतं : फळ कमी धरलं की कारण न तपासता मजूर बदलला जातो. पहिलं उद्दिष्ट बदललं : "फळधारणेतल्या घटीत परागाचा वाटा किती आणि हाताचा किती, हे वेगळं करून मोजणे." दुसरं : पराग नेटमध्ये किती वेळात किती मरतो ते पाहणे. आधी तिनं ही दोन्ही अशी बांधली होती की एक पडलं की दुसरं पडलंच. आता परागाच्या नळ्या फुटण्याची मोजणी बिघडली तरी फळं आणि बिया मोजून पहिलं उद्दिष्ट पूर्ण होणार होतं. एखादा हंगाम थंड गेला तर दुसरा हंगाम हाताशी ठेवला.

आणि प्रयोग? तो तिनं बीबीला जाऊन आईलाच आधी समजावून सांगितला. आईला कळलं तर परीक्षकांना कळेल, असा तिचा हिशोब.

"सहा बायका घ्यायच्या, माय. प्रत्येकीला काचेच्या दोन नळ्या. एका नळीत ताजा पराग, दुसरीत तीन तास तापलेला. नळीवर फक्त नंबर. कोणती कोणती ते बाईला ठाऊक नाही, फळं मोजणाऱ्यालाही नाही."

कलाबाई तांदूळ निवडत होती. "मंग?"

"मग, तापलेल्या नळीची फळं सगळ्यांचीच कमी धरली, तर दोष परागाचा. आणि एखाद्या बाईची दोन्ही नळ्यांची कमी धरली, तर..."

"त तिचा हात." कलाबाईनं वाक्य पुरं केलं, आणि तांदळातला एक खडा बाजूला टाकला. "बरं सुचलं. मले घेशील ना त्याच्यात?"

"घेईन की."

"मले बी पाहू दे एकडाव. सहा वर्स झाले, मी हात पाहूनच राह्यली."

रेणुकानं सहा नावांत पहिलं नाव आईचं लिहिलं.

सादरीकरण ऑनलाइन होतं. प्रयोगशाळेतल्या टेबलावर लॅपटॉप, पडद्यावर चार चेहरे. अध्यक्ष बाई पिकल्या केसांच्या, शांत. गेल्या वर्षी खोचक लिहिणारा यांच्यातलाच कोणी असेल का, हे रेणुका एकेका चेहऱ्यावर शोधत होती. एकानं विचारलं, कुंड्यांवरून तुम्ही काय ठरवलं? ती म्हणाली, "काही नाही. मला मोजता येतं एवढंच." तो मान हलवून कागदाकडे वळला. दुसऱ्यानं विचारलं, निकाल उलटा आला तर? ती म्हणाली, "तर तसा छापीन."

मग अध्यक्ष बाई म्हणाल्या, "सहा जणींच्या यादीत पहिलं नाव कलाबाई. तुमच्या कोण?"

"आई."

"त्या पूर्वी हे काम करत होत्या?"

"सोळा वर्षं. नंतर फळ धरत नाही म्हणून काम गेलं."

"नळ्यांवर नंबर आहेत, मला मान्य आहे," बाई म्हणाल्या, त्यांच्या स्वरात कठोरपणा नव्हता. "पण उद्या निकाल कोणत्याही बाजूनं आला, तरी वाचणारा म्हणेल मुलीनं आईसाठी प्रयोग केला. तुमचं सगळं काम त्या एका नावापाशी अडकेल. काय करता?"

रेणुकाला वाटलं होतं, सगळ्यात अवघड प्रश्न मालकीचा असेल. त्याचं उत्तर तिनं पाठ केलं होतं. याचं नव्हतं. बाईंचं म्हणणं खरं होतं, शंभर टक्के खरं होतं, आणि म्हणूनच तिला ते सहन होईना. जे निघालं होतं आईच्या हातावरून, त्यातून आईचाच हात काढायचा?

"काढते," ती म्हणाली. दुरुस्त यादी दुपारीच पाठवली. कलाबाईच्या जागी अन्नपूर्णा, गावातलीच.

तीन आठवड्यांनी मंजुरीचं पत्र आलं. प्राचार्यांनी पेढे वाटले, मुलांनी फळ्यावर अभिनंदन लिहिलं. रेणुका हसली, आभार मानले, आणि घरी येऊन नुसती बसून राहिली. आनंद व्हायला हवा होता, झालाही होता, पण तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. आईला सांगावं कसं? मनात आलं, सांगूच नये. हंगाम येईल, बायका येतील, आईला बोलावणं जाणार नाही, तिला समजेल. दोन रविवार तिनं बीबीला जाणं टाळलं. हे किती ओळखीचं वागणं आहे, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती वर्गात फुलाचे भाग शिकवत होती. तिनं तास अर्धवट सोडला आणि बस पकडली.

कलाबाई ओसरीवर बसली होती. नाकावर नवा चष्मा. समोर डब्यात लावलेलं मिरचीचं रोप, हातात चिमटा.

"पाह्य," ती लेकीला पाहताच म्हणाली, "डोळ्याच्या शिबिरातून चष्मा घेतला. हात थरथरत नाही व. आठ दिवसांपासून कळ्या उघडून राह्यली. एकबी दांडी मोडली नाही."

रेणुका तिच्यापुढं बसली. प्रवासभर जुळवलेली वाक्यं सगळी विसरली.

"माय, प्रकल्प मंजूर झाला. पण तुला घेता येत नाही. तुझं नाव मी काढलं. त्यांनी विचारलं, आणि मी काढलं. तू माझी आई आहेस म्हणून. तू असलीस तर कोणी निकाल खरा मानणार नाही."

कलाबाईनं चिमटा मांडीवर ठेवला.

"मंग माह्या हाताचं?"

"तुझ्या हाताचं कळणार नाही."

"त्या सहा जनीचं कळन."

"हो."

"त्याच्यात एखादीचा हातच खराब निघाला, त तिले सांगशील?"

हे परीक्षकांनी विचारलं नव्हतं. महत्त्व, उद्दिष्टं, व्यवहार्यता, तिन्ही प्रकरणं रेणुकाला आता पाठ होती, आणि त्यात याचं उत्तर कुठंच नव्हतं. सांगितलं तर तिचं काम जाईल. नाही सांगितलं तर ती जन्मभर हात पाहत बसेल. "मला माहीत नाही, माय," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

"सांगजो," कलाबाई म्हणाली. "घरी जाऊन, समोर बसून सांगजो. मले त कोनीच सांगतलं नाही. नुसतं बलावनं बंद झालं." तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा घातला. "तू आली, सांगतलं. तेवढं तरी केलंस."